फ्लॅप पाचवरच होते

12 जून 2025, गुरुवार. अहमदाबादहून लंडनच्या गॅटविककडे निघालेले एअर इंडियाचे 171 क्रमांकाचे उड्डाण दुपारी कोसळले आणि तास-दोन तासांत त्याची चित्रफीत परभणीपर्यंत प्रत्येक मोबाइलवर आली. विमान नाक वर करून संथपणे खाली येते, चाके बाहेरच आहेत, मग इमारतींमागे आगीचा लोळ. संध्याकाळपर्यंत निदानही झाले होते: फ्लॅप उघडलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याची आवृत्ती थोडी बदलली. चाके आत घ्यायच्या ऐवजी वैमानिकाने चुकून फ्लॅप आत घेतले. काही निवृत्त वैमानिकांनीही टीव्हीवर ही शक्यता बोलून दाखवली, त्यामुळे तिला वजन आले.

आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही, पण फ्लॅप हा शब्द त्या आठवड्यात घरोघरी पोचला. फ्लॅप म्हणजे काय, ते नसते तर काय दिसले असते, आणि ते होते हे कशावरून कळते, हे मात्र मागे राहिले. विमान अपघात अन्वेषण ब्युरोने 12 जुलैला प्राथमिक अहवाल दिला. त्यातल्या वेळा धरून तो दिवस उलगडला तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. अहवालातल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत, इथे त्या भारतीय वेळेत दिल्या आहेत.

सकाळी 11:17

व्हीटी-एएनबी हे बोइंग 787-8 विमान दिल्लीहून येऊन अहमदाबादला उतरते. अपघाताच्या घटनाक्रमात या उतरण्याकडे कोणी पाहत नाही, कारण त्यात काहीच बिघडले नाही. पंखाचा विचार करायचा तर मात्र सुरुवात इथूनच करावी लागते, कारण फ्लॅप सर्वांत जास्त बाहेर येतात ते उतरताना.

जेट विमानाचा पंख बनवला जातो तो दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी नऊशे किलोमीटर वेगाने तासन् तास जाण्यासाठी. त्या वेगाला सपाट, मागे झुकलेला, सडपातळ पंख लागतो. विमान जमिनीजवळ आले की तोच पंख अडचणीचा ठरतो. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर उचल चौथाईवर येते. वैमानिक नाक वर करून, म्हणजे वाऱ्याशी पंखाचा कोन वाढवून, ही तूट भरून काढू शकतो, पण एका मर्यादेपर्यंतच. पाटाचे पाणी फार तीव्र वळणावर काठ सोडते आणि आतल्या बाजूला नुसता भोवरा फिरत राहतो. पंखाच्या वरच्या पाठीवरून जाणारी हवाही फार मोठ्या कोनाला तशीच पृष्ठभाग सोडते. मग कोन वाढवला की उचल वाढत नाही, उलट कोसळते. हाच स्टॉल. इंजिन बंद पडणे आणि स्टॉल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्यांची सरमिसळ होते, आणि या प्रकरणात ती सरमिसळ फार महागात पडली.

फ्लॅप असतात पंखाच्या मागच्या कडेला. ते मागे सरकतात आणि खाली झुकतात. त्याने पंखाचा बाक वाढतो, क्षेत्रफळही थोडे वाढते, आणि त्याच वेगाला, त्याच कोनाला जास्त उचल मिळते. त्याची किंमत म्हणजे वाढलेला रोध. शिवाय नुसते फ्लॅप काढले तर हवा पृष्ठभाग सोडण्याचा कोन किंचित अलीकडेच येतो. ही उणीव स्लॅट भरून काढतात. ते पंखाच्या पुढच्या कडेला असतात आणि पुढे व खाली सरकतात. पुढची कड जणू वाकून येणाऱ्या हवेला सामोरी जाते. स्लॅट पुरते बाहेर आले की मध्ये फट पडते, पंखाखालची जोरदार हवा त्या फटीतून वर येते आणि पाठीवरच्या दमत चाललेल्या हवेला पुन्हा रेटा देते. त्यामुळे पंख आणखी मोठा कोन सहन करतो. थोडक्यात, फ्लॅप आहे त्या कोनाला उचल वाढवतात आणि स्लॅट कोनाची मर्यादा पुढे ढकलतात. मोठ्या विमानात एकाच दांड्याने दोन्ही हलतात, म्हणून बोलताना सगळे नुसते ‘फ्लॅप’ म्हणतात.

787 मध्ये उतरताना हा दांडा 25 किंवा 30 वर असतो. उचल तर हवीच असते, पण इथे रोधही हवा असतो. विमान हळू यावे, उताराने खाली येताना वेग वाढू नये, नाक फार वर न ठेवता धावपट्टी समोर दिसावी, आणि चाके टेकल्यावर थांबायला कमी अंतर लागावे, यासाठी. धावपट्टी सोडली की वैमानिक दांडा पुन्हा शून्यावर नेतात आणि पंख परत सडपातळ होतो. त्या सकाळीही विमान असेच 34 क्रमांकाच्या थांब्यावर येऊन उभे राहिले.

11:55 ते 12:35

दिल्लीहून आलेल्या वैमानिकांनी शेपटीच्या आडव्या पंखाच्या स्थिती-संवेदकाविषयी एक नोंद केली होती. तंत्रज्ञांनी ती तपासली आणि 12:10 ला विमान उड्डाणासाठी मोकळे केले. लंडनसाठीचे वैमानिक व कर्मचारी 11:55 ला श्वास-चाचणी देतात. दोन्ही वैमानिक मुंबईचे, आदल्या दिवशीच अहमदाबादला आलेले, पुरेशी विश्रांती झालेले. हे उड्डाण सहवैमानिक चालवणार होता आणि कॅप्टन देखरेख करणार होता. दहा केबिन कर्मचाऱ्यांत डोंबिवली, बदलापूर, गोरेगाव आणि पनवेलजवळच्या न्हावा इथली माणसे होती. 12:35 ला ही मंडळी बोर्डिंग गेटपाशी पोचतात.

दुपारी एकच्या आसपास

फ्लॅप किती काढायचे हे कॉकपिटमध्ये अंदाजाने ठरत नाही. वजन, तापमान, हवेचा दाब, वारा आणि धावपट्टीची लांबी यांवरून ते काढले जाते. त्या दिवशी विमानाचे उड्डाण-वजन 2,13,401 किलो होते. या विमानाला तिथे परवानगी होती 2,18,183 किलोची. म्हणजे भार मर्यादेत, पण जड. तापमान साधारण 37 अंश. तापलेली हवा विरळ असते, म्हणून तेवढीच उचल मिळवायला जमिनीवर जास्त पळावे लागते, आणि इंजिनांचा रेटाही थोडा कमी पडतो. मराठवाड्यातल्या उन्हाळी दुपारीही हेच गणित लागू होते.

मग फ्लॅप भरपूर का काढू नयेत? कारण उड्डाणात रोध हा शत्रू असतो. जास्त फ्लॅप काढले तर विमान लवकर जमीन सोडते, पण वर चढताना तोच रोध त्याला मागे ओढतो, आणि नेमक्या त्या वेळी एक इंजिन बंद पडले तर चढाई अपुरी पडू शकते. म्हणून धावपट्टी आखूड असेल तर जास्त फ्लॅप, लांब असेल तर कमी, असा हा सौदा असतो. अहमदाबादची धावपट्टी साडेतीन किलोमीटरची आहे. 787 ला उड्डाणासाठी दांडा 5, 10, 15, 17, 18 किंवा 20 वर ठेवता येतो. वैमानिकांनी पाच घेतला आणि धावपट्टी पूर्ण लांबीची मागितली. या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच आहेत.

पाचवर पंख कसा दिसतो हे लक्षात ठेवायला हवे. स्लॅट मधल्या स्थितीत येतात, पूर्ण बाहेर नाही. मागचे फ्लॅप थोडेसेच झुकतात. गच्चीवरून, लांबून, मोबाइलवर काढलेल्या धूसर चित्रात हा फरक दिसणे जवळपास अशक्य. ‘फ्लॅप दिसत नाहीत’ हे वाक्य खरेच होते. त्यावरून ‘फ्लॅप नव्हते’ हा निष्कर्ष मात्र निघत नव्हता.

1:13 ते 1:33

1:13 ला विमान मागे ढकलण्याची परवानगी मिळते, चार मिनिटांनी इंजिने सुरू करण्याची. 1:19 ला नियंत्रण कक्ष विचारतो, पूर्ण धावपट्टी हवी का? हो, असे उत्तर येते. 1:25 ला विमान सरकण्याची परवानगी मागते.

इंजिने सुरू झाल्यावर आणि विमान धावपट्टीकडे निघण्याच्या सुमारास फ्लॅपचा दांडा हलवला जातो आणि तपासणी-यादीत तो वाचून पडताळला जातो. विसरलाच, तर आणखी एक राखण असते. जमिनीवर असताना इंजिनांचा जोर वाढवला आणि फ्लॅप उड्डाणाच्या स्थितीत नसले, तर कर्कश इशारा वाजतो. माणसाची सवय, यादी आणि इशारा, असे हे तीन पहारे. तिन्ही एकदम झोपले तर काय होते, हे 2008 मध्ये माद्रिदला दिसले होते. त्या अपघाताचे तपशील अहमदाबादच्या शेजारी ठेवल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

20 ऑगस्ट 2008. स्पॅनएअरचे एमडी-82 विमान, 172 माणसे, माद्रिदहून ग्रान कनारियाला निघालेले. पहिल्यांदा ते धावपट्टीपर्यंत गेले तेव्हा फ्लॅप 11 अंशांवर नीट काढलेले होते. पण बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारी नळी जमिनीवरच तापत असल्याचे वैमानिकांना दिसले आणि ते परत फिरले. फ्लॅप आत गेले. तंत्रज्ञांनी त्या नळीचा तापक बंद केला, नियमाप्रमाणे ते चालत होते, आणि विमान पुन्हा निघाले. उशीर झाला होता. इंजिने सुरू केल्यानंतरच्या यादीतली फ्लॅपची नोंद यायच्या आतच कॅप्टनने सहवैमानिकाला सरकण्याची परवानगी मागायला सांगितले, आणि ती नोंद राहून गेली. धावपट्टीजवळच्या शेवटच्या तपासणीत सहवैमानिकाने ‘अकरा’ हा आकडा मोठ्याने म्हटलाही. फ्लॅप मात्र शून्यावर होते. तोंडाला सवय होती, डोळे दांड्यावर नव्हते.

इशाराही वाजला नाही. ती नळी फक्त हवेत असताना तापवायची असते. ती जमिनीवर तापत होती, याचा एक सरळ अर्थ असा निघत होता की विमानातल्या कुठल्या तरी रिलेला आपण हवेत आहोत असे वाटत आहे. आणि हवेत असलेल्या विमानाला उड्डाणपूर्व इशारा देण्याचे कारणच नसते. तापक बंद करून लक्षण दाबले गेले, दुखणे तसेच राहिले. विमान धावले, ठरल्या वेगाला नाक उचलले, जमीन सोडली आणि लगेच स्टॉलचा इशारा सुरू झाला. वैमानिकांच्या हातातला नियंत्रण-दांडा थरथरला, भोंगा वाजला. विमान जेमतेम चाळीस फूट वर गेले, उजवीकडे कलंडले आणि जमीन सोडल्यापासून पंधरा सेकंदांच्या आत आदळले. 154 माणसे गेली, 18 वाचली.

फ्लॅप आणि स्लॅट नसलेल्या पंखाची खूण ही अशी असते: विमान वर जातच नाही, इंजिने पूर्ण जोरात गर्जत असतात, स्टॉलचा इशारा ओरडत असतो आणि पंख कलंडतो.

1:33 ते 1:37

अहमदाबादला विमान आर-4 मार्गावरून 23 क्रमांकाच्या धावपट्टीवर येते, उलटे जाऊन सुरुवातीच्या टोकाला वळते आणि रांगेत उभे राहते. 1:37:33 ला उड्डाणाची परवानगी मिळते. वारा जवळपास समोरून, सहा नॉट. चार सेकंदांनी विमान धावू लागते.

1:38:33

वेग 153 नॉट, म्हणजे ताशी 283 किलोमीटर. हा निर्णयवेग. यापुढे थांबायचे नाही, काहीही झाले तरी उडायचे.

1:38:35

155 नॉट. नाक उचलण्याचा वेग. फ्लॅप-स्लॅट पंखाला तयार करतात, पण उचल मिळते ती कोन दिल्यावरच. तो कोन वेळेवर आणि योग्य गतीने द्यावा लागतो. मराठवाड्यातल्या जुन्या वाचकांना 26 एप्रिल 1993 ची दुपार आठवत असेल. औरंगाबादहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 491 क्रमांकाचे बोइंग 737 धावपट्टीच्या अगदी टोकाशी जेमतेम उचलले, पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला धडकले, पुढे उच्चदाबाच्या तारांत गेले आणि 118 पैकी 55 जण मेले. चौकशीने बोट ठेवले ते नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलण्यावर, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावर. पंख कितीही तयार असला तरी त्याचा वापर वेळेवर व्हावा लागतो.

1:38:39

चाकांच्या संवेदकाने नोंदले: विमान हवेत. धाव सुरू झाल्यापासून 62 सेकंद, नाक उचलायला सुरुवात झाल्यापासून चार सेकंद. फ्लॅपचा खटला खरे तर इथेच निकाली निघतो.

त्या दिवशीचा सुरक्षित चढाईवेग 162 नॉट ठरला होता. तो ठरवताना स्टॉलच्या वेगावर किमान तेरा टक्के फरक ठेवावा लागतो. 162 ला 1.13 ने भागले तर 143 येतात. म्हणजे फ्लॅप पाचवर असताना या वजनाचे हे विमान 143 नॉटपर्यंत, किंवा त्याहूनही थोडे कमी वेगापर्यंत, हवेत टिकू शकत होते. आता समजा, स्लॅट आणि फ्लॅप आत आहेत आणि त्यामुळे पंखाची कमाल उचल एक-तृतीयांशाने घटली आहे. हा आकडा फक्त गणिताची रीत दाखवण्यासाठी घेतला आहे, त्या विमानाच्या पुस्तकातला नाही. उचल वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून स्टॉलचा वेग 143 भागिले दोन-तृतीयांशाचे वर्गमूळ, म्हणजे 175 नॉटपर्यंत चढतो. 155 ला नाक उचललेले विमान मग चार सेकंदांत शांतपणे वर जाणार नाही. ते नाक वर करून धावपट्टीवर फरफटत राहील, किंवा माद्रिदसारखे क्षणभर उचलून कलंडेल. अहमदाबादचे विमान ठरल्या वेगाला, ठरल्या जागेच्या आसपास, पंख सरळ ठेवून वर गेले. पंखाने आपले काम केले होते.

1:38:42

वेग 180 नॉट. त्या उड्डाणातला हा सर्वाधिक वेग. आणि लगेच, एका सेकंदाच्या अंतराने, दोन्ही इंजिनांचे इंधन-नियंत्रण स्विच ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेल्याची नोंद झाली. इंजिनांची गती उतरू लागली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की तू बंद का केलेस, आणि दुसरा सांगतो की मी केले नाही. कोण काय म्हणाले हे प्राथमिक अहवाल सांगत नाही, स्विच कसे हलले हेही सांगत नाही. त्याविषयी तर्क लढवण्याची ही जागा नाही.

आपला प्रश्न दुसरी आवृत्ती तपासण्याचा आहे: चाकांऐवजी फ्लॅप आत घेतले का? जमीन सोडल्यावर, चढाई नक्की झाली की, चाके आत घ्यायची असतात. फ्लॅप त्यानंतर बरेच वर गेल्यावर, वेग वाढेल तसे टप्प्याटप्प्याने आत जातात, कारण प्रत्येक टप्प्याला पंखाला जास्त वेग लागतो. घाईत दांडा बदलणे ही कल्पनेतली भीती नाही. म्हणूनच बोइंगने चाकांच्या दांड्याला चाकाचा आकार दिला आहे आणि तो समोरच्या फळीवर ठेवला आहे. फ्लॅपचा दांडा मधल्या चौथऱ्यावर, इंजिनांच्या दांड्यांशेजारी असतो. शिवाय 1 या आकड्यावर एक अडसर आहे. दांडा पाचवरून ओढला तरी तो तिथे अडतो आणि स्लॅट आत जात नाहीत. चुकीने फ्लॅप गेले असते तर उचल घटली असती, पण पुढच्या कडेचे संरक्षण राहिले असते, आणि इंजिने चालू असल्याने वेग वाढतच गेला असता.

इथे वेग 180 वरून उतरू लागला. फ्लॅप आत घेतल्याने रोध कमी होतो, म्हणून वेग उलट वाढायला हवा. फ्लॅपच्या गृहीतकाला या एका नोंदीने सुरुंग लागतो. चित्रफितीत वेग मोजता येत नव्हता, त्यामुळे त्या आठवड्यात हे कोणाला दिसले नाही.

1:38:47

विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर आला आहे आणि त्याने हायड्रॉलिक दाब द्यायला सुरुवात केली आहे. वाऱ्याने फिरणारी ही आपत्कालीन यंत्रणा दोन्ही इंजिने, किंवा सगळी वीज वा सगळा हायड्रॉलिक दाब, गेला तरच आपोआप उतरते. फ्लॅपच्या चुकीसाठी ती कधीच येत नाही. विमानतळाच्या सीसीटीव्हीत ती दिसली, आणि पहिल्याच आठवड्यात काही जाणकारांनी चित्रफितीतल्या तिच्या विशिष्ट घरघरीकडेही लक्ष वेधले होते. त्यांचे म्हणणे फ्लॅपच्या गलक्यात बुडून गेले.

दाब गेला की फ्लॅप आपोआप आत जातात, असाही एक समज पसरला होता. तसे होत नाही. शक्ती गेली की ते आहेत तिथेच अडकून राहतात. हवेचा रेटा त्यांना मागे ढकलू शकत नाही.

1:38:52 ते 1:39:05

पहिल्या इंजिनाचा स्विच ‘रन’वर येतो, चार सेकंदांनी दुसऱ्याचा. इंजिने स्वतःला पेटवायचा प्रयत्न करतात. पहिले सावरू लागते, दुसऱ्याची गती काही केल्या टिकत नाही. जेट इंजिनाला शून्याजवळून पुन्हा जोर धरायला जेवढा वेळ लागतो तेवढी उंची हाताशी नव्हती.

पंख या सगळ्यात अजूनही उडतोच आहे. विमान नाक वर, पंख सरळ ठेवून खाली येते. लोकांना हे ‘उचल संपली’ असे दिसले. प्रत्यक्षात रेटा नाहीसा झाला होता. रेटा नसलेले विमान वेग राखण्यासाठी उंची खर्च करते, आणि उंची राखायला गेले तर वेग खर्च करते. या विमानाकडे दोन्ही तुटपुंजे होते. बाहेर असलेले फ्लॅप आणि चाके यांचा रोध या हिशेबात आणखी भर घालत होता, पण कमी वेगाला पंख कलंडू न देता जमिनीपर्यंत नेण्याचे कामही त्याच फ्लॅप-स्लॅटांनी केले.

1:39:05 ला ‘मेडे’चा संदेश येतो. नियंत्रक उत्तर देतो, प्रतिसाद नाही.

1:39:11

नोंद थांबते. जमीन सोडल्यापासून 32 सेकंद. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे पावणेदोन किलोमीटरवर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे वसतिगृह. विमानातली 242 पैकी 241 माणसे आणि जमिनीवरची 19 माणसे, एकूण 260 बळी.

अवशेषांत फ्लॅपच्या दांड्याची जुडणी सापडली. आगीने ती खूप होरपळली होती, तरी दांडा पाचच्या खाचेत घट्ट बसलेला होता, आणि उड्डाण-नोंदणी यंत्रातही तीच स्थिती होती. चाकांचा दांडा खालीच होता. प्राथमिक अहवाल अपघाताचे कारण सांगत नाही. फ्लॅपची स्थिती मात्र तो नेहमीच्या उड्डाणाची म्हणून नोंदवतो.